रेघ खाली सरकली, मग पुरवठा का वाढला?

[पडदा कोरा. एक उभी रेघ, एक आडवी रेघ उमटते.]

परीक्षेतला प्रश्न सरळ आहे. पोलाद महागलं. सायकलींच्या बाजारात काय होईल, आकृतीसह स्पष्ट करा.

विद्यार्थी विचार करतो: कच्चा माल महागला, म्हणजे पुरवठा घटला. घटला म्हणजे खाली. तो पुरवठ्याची नवी रेघ जुन्या रेघेच्या खाली काढतो आणि आकृतीत सायकली स्वस्त होतात.

तर्क बरोबर होता, हात चुकला. याला थोडा दोष मांडणीचाही आहे. गणितात ज्यावर बाकीचं अवलंबून असतं ते आडव्या अक्षावर घेतात. अर्थशास्त्रात मात्र किंमत उभ्या अक्षावर आणि नगसंख्या आडव्या अक्षावर असते. 1890 मध्ये आल्फ्रेड मार्शल यांच्या ग्रंथाने रूढ केलेली ही पद्धत आजही पाठ्यपुस्तकांत आहे. नगसंख्या आडवी मोजायची, त्यामुळे वाढ-घटही आडवीच वाचायची: घट डावीकडे, वाढ उजवीकडे. पुरवठ्याची रेघ चढती असल्याने डावीकडे सरकली की ती डोळ्यांना वर गेल्यासारखी दिसते. गोंधळ तिथेच होतो.

[पडद्यावर दोन रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या.]

आता आकडे घालून बघू.

मागणी = 100 − 5 × किंमत
पुरवठा = 20 + 3 × किंमत

किंमत 10 धरा. मागणी 50, पुरवठाही 50. दोन्ही रेघा इथे भेटतात. हा जुना समतोल.

पोलाद महागल्यावर प्रत्येक किमतीला उत्पादक आधीपेक्षा 16 नग कमी विकायला तयार आहेत. "प्रत्येक किमतीला" हे शब्द सोडू नका, कारण रेघ सरकते ती त्यांच्यामुळेच. नवा पुरवठा 4 + 3 × किंमत. सगळी रेघ डावीकडे 16 घरं गेली.

[जुन्या समतोलातून एक तुटक आडवी रेघ निघते.]

नवा छेदबिंदू शोधायची घाई नको. आधी जुन्या किमतीवरच थांबा. किंमत 10 असताना लोकांना 50 सायकली हव्या आहेत, बाजारात येताहेत 34. सोळांचा तुटवडा. घेणारे जास्त, माल कमी, म्हणून किंमत चढू लागते.

किंमत चढली की दोन्ही बाजू हलतात. काही गिऱ्हाईक मागे फिरतात, आणि वाढलेल्या भावामुळे उत्पादक थोडा जास्त माल आणतात. किंमत 12 ला पोचते तेव्हा मागणी 40 आणि पुरवठाही 40. तुटवडा संपला.

रेघ 16 ने सरकली, पण विक्री घटली फक्त 10 ने. उरलेले 6 कुठे गेले? किंमत 2 ने वाढली म्हणून उत्पादकांनी नव्या रेघेवरून वर चढत ते 6 परत आणले.

[मागणीच्या रेघेवर एक ठिपका वर सरकतो. रेघ स्थिर.]

दुसरी नेहमीची चूक याच टप्प्यावर होते. "किंमत वाढली, म्हणून मागणी घटली" असं लिहून विद्यार्थी मागणीची रेघही डावीकडे ढकलतो. मागणी 50 वरून 40 वर आली हे खरं, पण ती त्याच रेघेवर. पुस्तकात याला मागणीचा संकोच म्हणतात. वस्तूच्या स्वतःच्या किमतीमुळे ठिपका हलतो, रेघ नाही. रेघ हलायला बाहेरचं कारण लागतं: उत्पन्न, आवड, पर्यायी वस्तूची किंमत. तो मागणीतला ऱ्हास किंवा वृद्धी. माझ्या मते या धड्यातले निम्मे गुण या एका फरकावर जातात.

समजा असं बाहेरचं कारण खरंच आलं. लोकांचं उत्पन्न घटलं आणि मागणीही डावीकडे सरकली.

[दोन्ही रेघा डावीकडे सरकतात.]

मागणी 8 ने घटली, तर नवी किंमत 11, विक्री 37. मागणी 16 ने घटली, तर किंमत परत 10, विक्री 34. आणि 24 ने घटली, तर किंमत 9, विक्री 31.

विक्री तिन्ही वेळा आधीच्या पन्नासाहून कमी. किंमत मात्र एकदा वाढली, एकदा होती तिथेच राहिली, एकदा घटली. दोन्ही रेघा विक्रीला एकाच दिशेने ओढतात, किमतीला उलट दिशांनी.

म्हणून प्रश्नात आकडे नसतील आणि दोन्ही रेघा डावीकडे जात असतील, तर नगसंख्या घटेल असं ठामपणे लिहा. आकृतीत नवा छेदबिंदू तुम्ही कुठेतरी काढालच, आणि तो जुन्याच्या वर पडला तर किंमत वाढली असं लिहायचा मोह होईल. तो ठिपका तिथे पडला तो तुमच्या पेन्सिलीमुळे. कोणती रेघ जास्त सरकली हे प्रश्नात दिलेलं नाही, म्हणून किमतीची दिशा सांगता येत नाही, आणि उत्तरही तेच.