हप्ता तोच, मुदत वेगळी

श्रोतेहो, नमस्कार.

घराचं कर्ज घेताना दर फिक्स्ड घ्यावा की फ्लोटिंग, म्हणजे स्थिर घ्यावा की बदलता, हा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांना पडलेला असेल. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. आकडे मी थोडेच सांगणार आहे आणि तेही दोनदा.

समजा, कर्ज 50 लाखांचं आहे आणि मुदत 20 वर्षांची, म्हणजे 240 हप्ते. बदलता दर आज साडेआठ टक्के आहे, तर हप्ता बसतो 43,391. स्थिर दर दहा टक्के आहे, तर हप्ता 48,251. स्थिर दराचा हप्ता महिन्याला जवळजवळ पाच हजारांनी जड. लोक नेमके इथेच थांबतात, हप्त्याला हप्ता लावून बघतात आणि सही करतात. पण हप्ता हे उत्तर नाही, एकूण फेड हे उत्तर आहे. पुन्हा सांगतो, एकूण फेड.

हप्त्याला 240 ने गुणा. स्थिर दराची एकूण फेड होते साधारण 1 कोटी 16 लाख, आणि हा आकडा शेवटपर्यंत हलत नाही. बदलत्या दराची फेड, दर आहे तिथेच राहिला तर, 1 कोटी 4 लाख. पण तो तिथेच राहील असं कोण सांगणार? म्हणून बदलत्या दराला एकच आकडा नसतो. त्याला निदान तीन आकडे असतात: दर उतरला तर किती, तसाच राहिला तर किती, चढला तर किती. आणि ह्या तिसऱ्या आकड्यात एक मेख आहे. ती मला कळली आमच्या दादाच्या घरी.

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. त्याचं कर्ज अगदी ह्याच आकड्यांचं, बदलत्या दराचं. करारात दर तीन वर्षांनी दराचा फेरआढावा. तीन वर्षं नीट गेली. मग एका रविवारी मी त्याच्याकडे गेलो, तर स्वारी खुशीत. म्हणाला, "अरे, दर साडेआठवरून साडेदहावर गेला, पण आपला हप्ता एका पैशानंही वाढला नाही. पत्र आलंय." वहिनी म्हणाल्या, "मी ह्यांना म्हणतेय, एवढं चांगलं कसं असेल? भाऊजी, तुम्ही बघा जरा."

पत्र दोन पानांचं होतं. पहिल्या पानावर ठळक अक्षरात हप्ता 43,391, पूर्वीइतकाच. दुसऱ्या पानावर नवं वेळापत्रक, बारीक अक्षरात. (अशा पत्रांत मुदतीचा आकडा हप्त्याच्या शेजारी आणि हप्त्याइतकाच मोठा छापला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. औषधाच्या पाकिटावरची मुदत आपण भिंग लावून वाचायची, कर्जाच्या पत्रावरचीही तशीच वाचायची, हे काही बरोबर नाही.) मी वेळापत्रकाची पहिली ओळ वाचली. हप्ता 43,391. त्यातलं व्याज 40,900. मुद्दलात जाणार 2,491.

मी दादाला म्हटलं, "मागच्या महिन्याचं विवरण काढ." त्यानं फाइल आणली. मागच्या महिन्यात तेवढ्याच हप्त्यातून मुद्दलात सुमारे 10,200 गेले होते. दहा हजारांवरून अडीच हजारांवर! हप्ता तोच, पण मुद्दल फिटण्याचा वेग चौपटीनं मंदावला. मग वेळापत्रकाच्या तळाशी गेलो. राहिलेले हप्ते तिथे 204 हवे होते, म्हणजे 17 वर्षं. छापले होते 328. म्हणजे 27 वर्षं आणि 4 महिने.

दादा तेव्हा 42 वर्षांचा होता. 59 व्या वर्षी संपणारं कर्ज आता 69 व्या वर्षी संपणार होतं. वहिनी काहीच बोलल्या नाहीत, त्यांनी पत्र हातात घेतलं आणि तो 328 चा आकडा स्वतः पुन्हा वाचला.

आम्ही तिथेच वहीत मांडणी केली. दर साडेदहा धरला आणि मुदत न वाढवता उरलेल्या 204 महिन्यांत कर्ज फेडायचं ठरवलं, तर हप्ता होतो 49,224. दर महिन्याला 5,833 जास्त. आणि पहिल्या दिवसापासूनची एकूण फेड? 1 कोटी 16 लाख. उलट, पत्रात आलं तसं चालू दिलं, हप्ता तोच ठेवून मुदत वाढू दिली, तर एकूण फेड 1 कोटी 58 लाख. तोच दर, तेच कर्ज. फरक 42 लाखांचा, आणि तो दराचा नाही, मुदतीचा.

ऐकून घ्या पुन्हा: हप्ता वाढवला तर 1 कोटी 16 लाख, मुदत वाढवली तर 1 कोटी 58 लाख.

आता स्थिर दराची फेड आठवा. तीसुद्धा 1 कोटी 16 लाखच होती. म्हणजे तीन वर्षांनंतर दर दोन टक्के चढला आणि पुढची 17 वर्षं तिथेच बसून राहिला, तरीही हप्ता वाढवणारा माणूस स्थिर दर घेणाऱ्याच्या बरोबरीलाच येतो. कारण पहिल्या तीन वर्षांत, जेव्हा मुद्दल सगळ्यात मोठं असतं, त्याला स्वस्त दर मिळालेला असतो. तेच तीन वर्षांनंतर दर एक टक्का उतरला, तर एकूण फेड साडेअठ्ठ्याण्णव लाखांच्या आसपास येते. पण दर पहिल्याच वर्षानंतर दोन टक्के चढला तर मात्र बदलता दर पावणेतीन लाखांनी महाग पडतो. चढ जितक्या लवकर येतो, तितकी जास्त झळ.

म्हणून माझं म्हणणं असं. दोन दरांत दीड टक्क्याचं अंतर असेल आणि चढलेला हप्ता, आपल्या उदाहरणातला 49,000 चा, तुम्हाला झेपणार असेल, तर बदलता दर घ्या. झेपणार नसेल तर तुमच्यासाठी खरी तुलना 1 कोटी 58 लाखांशी आहे, आणि मग महाग दिसणारा स्थिर दरच स्वस्त. आणि अंतर अर्ध्या टक्क्याचंच असेल, म्हणजे स्थिर दर नऊ टक्के, तर त्याची फेड 1 कोटी 8 लाख. दर हलला नाही तर तुम्ही चारेक लाख जास्त मोजाल, तीन वर्षांनी दोन टक्के चढला तर आठ लाख वाचवाल. तिथे मी स्थिर दर घेईन.

मात्र स्थिर म्हणजे किती वर्षं स्थिर, हे करारात बघा. अनेक करारांत तो पहिली काही वर्षंच स्थिर असतो आणि पुढे बदलता होतो. तसं असेल तर 240 ने गुणण्यात अर्थ नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती, तेही तिथेच वाचा.

दादानं सोमवारी अर्ज दिला: मुदत 204 महिनेच ठेवावी, हप्ता वाढवावा. वहिनींनी घरखर्चाच्या वहीत 5,833 ची नवी ओळ घातली आणि ती कुठून भरून काढायची, ते खाली लिहिलं. पंधरा दिवसांनी सुधारित वेळापत्रक आलं. दादानं फोन केला आणि पहिलं वाक्य बोलला, "दुसरं पान वाचलं. 204."

नमस्कार.