वडील वारले, सातबारा अजून त्यांच्याच नावावर. शेतकरी ओळख क्रमांक कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. पीककर्ज, ठिबकचं अनुदान, ट्रॅक्टरचं अनुदान, काहीही मागायला गेलं की आता पहिला प्रश्न येतो, "शेतकरी ओळख क्रमांक आहे का?" महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी हा क्रमांक लागतो. बरेच जण सेवा केंद्रात जातात, आधार देतात, अंगठा लावतात आणि तिथेच अडकतात, कारण जमिनीच्या नोंदीत त्यांचं नावच सापडत नाही. जमीन कसतात ते, पण सातबाऱ्यावर नाव वडिलांचं आणि वडील जाऊन काही वर्षं झालेली. आजचा व्हिडिओ याच अडचणीवर आहे.

सुरुवात सातबाऱ्यापासून करू. bhulekh.mahabhumi.gov.in वर सातबारा फुकट दिसतो, पण तो फक्त पाहण्यापुरता. त्यावर सही नसते, म्हणून बँक तो घेत नाही. बँकेसाठी digitalsatbara.mahabhumi.gov.in वरून डिजिटल सहीचा उतारा काढायचा. एका उताऱ्याला १५ रुपये पडतात आणि त्यावर तलाठ्याचा शिक्का मारून आणायची गरज नसते. सोबत ८अ पण काढा. सातबारा एका गटाचा असतो, तर ८अ वर त्या गावातल्या तुमच्या खात्याचे सगळे गट एकत्र दिसतात. ओळख क्रमांकासाठी जमीन भरताना एखादा गट राहून जातो, तो ८अ समोर असला की राहत नाही.

[स्क्रीनवर: सातबाऱ्याचा नमुना, नावं झाकलेली]

आता उतारा नीट वाचा. वरचा भाग गाव नमुना सात. इथे भोगवटादाराचं नाव, क्षेत्र आणि आकार असतो. उजवीकडे 'इतर हक्क'. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा इथे दिसतो. कर्ज फेडून झालं तरी बोजा आपोआप उतरत नाही. बँकेकडून निरंक दाखला घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. नवं कर्ज मागायला जाण्याच्या आधीच हे करून घ्या. याच पानावर 'प्रलंबित फेरफार' अशी एक ओळ असते. तिथे 'नाही' लिहिलेलं असेल तर ठीक. काही प्रलंबित असेल, तर तो निकाली निघेपर्यंत उतारा बदलणार आहे हे धरून चाला.

आता मूळ अडचणीकडे येऊ. समजा एका घरात वडील वारले. मागे आई, एक मुलगा, एक लग्न झालेली मुलगी. जमीन १ हेक्टर ५० आर. मुलाला ओळख क्रमांक हवाय. सातबारा वडिलांच्या नावावर असेपर्यंत ती जमीन मुलाच्या आधारला जोडता येत नाही, कारण पोर्टल नोंदीतली नावं दाखवतं आणि त्यातलं आपलं नाव निवडायचं असतं. तेव्हा आधी वारस नोंद.

वारस नोंदीचा अर्ज तलाठी कार्यालयात देता येतो, किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करता येतो. मृत्यूचा दाखला, सातबारा, ८अ आणि सगळ्या वारसांची नावं, नाती, पत्ते असलेलं स्वयंघोषणापत्र जोडायचं. तलाठी चौकशी करून वारस रजिस्टरला नोंद घेतो, मग फेरफार धरला जातो. हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. त्यानंतरच नवी नावं सातबाऱ्यावर येतात. हा वेळ धरूनच कर्जाचं नियोजन करा. पेरणी तोंडावर आल्यावर अर्ज केला, तर हंगाम हातातून जातो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. बहिणीचं नाव गाळून वारस नोंद करू नका. "ती सासरी आहे, तिला कशाला" असं म्हणून घोषणापत्रातून नाव वगळलं, तर ते खोटं घोषणापत्र ठरतं. मुलगी कायद्याने वारस आहेच. पुढे तिने हरकत घेतली की फेरफार अडतो, आणि मग कर्जही अडतं आणि नातंही. तिला खरंच हक्क सोडायचा असेल तर आधी तिचं नाव लागू द्या. मग तिच्या मर्जीने नोंदणीकृत हक्कसोड पत्र करा. साध्या कागदावरच्या संमतीने तिचं नाव कमी होत नाही.

नावं लागली की तिघांचं सामाईक खाते होतं. क्षेत्र खात्याचं म्हणून एकत्र असतं, प्रत्येकाच्या नावापुढे वेगळं क्षेत्र नसतं. आता mhfr.agristack.gov.in वर किंवा सेवा केंद्रात नोंदणी. आधारला जोडलेला मोबाइल जवळ असावा, कारण त्यावर ओटीपी येतो. जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक टाकला की भोगवटादारांची नावं येतात. त्यातून आपलं नाव निवडायचं, ८अ वर आहेत तेवढे सगळे गट भरायचे, शेवटी आधारवरून ई-सही. अर्ज मंजूर झाला की ११ अंकी क्रमांक मिळतो. आई आणि बहिणीला योजनेचा लाभ हवा असेल, तर त्यांनी आपापली नोंदणी करायची.

नावाच्या बाबतीत सगळ्यात जास्त त्रास होतो तो बायकांना. सातबाऱ्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. पोर्टल ही दोन नावं ताडून बघतं आणि फरक मोठा असला की अर्ज मंजुरीला अडतो. वारस नोंद करताना आधारवर आहे तसंच नाव घोषणापत्रात लिहा. वारसांची नावं लागतानाच ही काळजी घेतली तर पुढची धावपळ वाचते. जुन्या नोंदीत 'बाबूराव'चं 'बाबू' झालंय, अशी लेखनातली चूक असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज होतो. वाटणीचा किंवा मालकीचा वाद मात्र या कलमाखाली सुटत नाही.

आता कर्ज किती मिळेल ते बघू. जिल्ह्याची समिती दरवर्षी पीकनिहाय हेक्टरी कर्जदर ठरवते. समजा तुमच्या पिकाला हेक्टरी ६०,००० रुपये दर आहे. दीड हेक्टरचे झाले ९०,०००. किसान क्रेडिट कार्डात यावर घरखर्च आणि काढणीनंतरच्या गरजांसाठी १० टक्के, म्हणजे ९,०००, आणि शेतीच्या देखभालीसाठी २० टक्के, म्हणजे १८,०००. एकूण १,१७,०००. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यामुळे जमीन गहाण ठेवण्याचा प्रश्न इथे येत नाही. पण खातं सामाईक आहे. पूर्ण दीड हेक्टरवर एकट्या मुलाने कर्ज मागितलं, तर बँक आई आणि बहिणीची संमती मागते, किंवा त्याच्या हिश्श्यापुरतंच कर्ज देते. म्हणून शाखेत जाताना त्या दोघींशी आधी बोलून घ्या, आणि जमलं तर त्यांना सोबतच न्या.

आणि गाव नमुना बारा, म्हणजे उताऱ्याचा खालचा भाग, कोरा ठेवू नका. तिथे पीक ई-पीक पाहणीतून चढतं. मुदतीत शेतात उभं राहून मोबाइलवरून फोटो टाकायचा. उताऱ्यावर सोयाबीन आणि अर्जात कापूस असं झालं, तर विम्यापासून सरकारी खरेदीपर्यंत सगळीकडे अडेल. पुढे जमीन विकत घेतली किंवा वाटणी झाली, की नवा फेरफार प्रमाणित झाल्यावर ओळख क्रमांकातही ते गट अद्ययावत करून घ्या.