रिकामी जागा आणि तिचा शेजार

नमस्कार श्रोतेहो. आज इंग्रजीतल्या पुट ऑफ, गिव्ह अप आणि कॉल ऑन या तीन क्रियापदांचा अर्थ शेजारच्या शब्दांवरून कसा ओळखायचा, ते बघू. कागद-पेन्सिल जवळ असेल तर एक वाक्य लिहून घ्या. 'द वेडिंग हॅज बीन डॅश टिल डिसेंबर.' पर्याय दोन आहेत: पुट ऑफ आणि कॉल्ड ऑफ. माझ्या वर्गातली निम्मी मुलं कॉल्ड ऑफ लिहितात. लग्न रद्द झालं असेल, तर 'टिल डिसेंबर' कशाला? पुढची तारीख दिलीय म्हणजे लग्न पुढे ढकललंय. उत्तर पुट ऑफ. रिकाम्या जागेच्या उजवीकडचे दोन शब्द वाचले असते तर चूक झालीच नसती.

आता हाच पुट ऑफ दुसऱ्या वाक्यात बघा. 'द स्मेल पुट मी ऑफ माय फूड.' वासाने जेवण पुढे ढकललं का? नाही. वासाने जेवणावरची वासनाच उडाली. इथे 'मी' म्हणजे मला, आणि तो शब्द पुट आणि ऑफ यांच्या मधे येऊन बसलाय. कार्यक्रम किंवा काम पुट ऑफ होतं तेव्हा ते लांबणीवर पडतं. माणूस पुट ऑफ होतो तेव्हा बहुधा त्याचं मन उडतं. बहुधा म्हणतोय, कारण 'ही पुट मी ऑफ विथ ॲन एक्स्क्यूज' म्हणजे त्याने सबब सांगून मला टोलवलं. उधारी मागायला गेलेल्यांना हा अर्थ समजवावा लागत नाही! इथे 'विथ ॲन एक्स्क्यूज'वरून अर्थ कळतो.

गिव्ह अप आपल्याला सोपं जातं, कारण मराठीतलं 'सोडणे' बरंच काम भागवतं. सिगारेट सोडली, बसमधली जागा म्हातारबांसाठी सोडली, आशा सोडली. फक्त 'ही गेव्ह हिमसेल्फ अप टू द पोलीस' इथे सोडणे चालत नाही, तो पोलिसांच्या स्वाधीन झाला. आणि पुढे क्रियापद आलं तर गिव्ह अप स्मोकिंग, 'टू स्मोक' नव्हे. पुट ऑफलाही तोच नियम.

कॉल ऑन मात्र फसवं. 'वी कॉल्ड ऑन अवर टीचर' म्हणजे सरांना भेटायला त्यांच्याकडे गेलो. त्याच वाक्याला शेपूट जोडा: 'वी कॉल्ड ऑन अवर टीचर टू स्पीक.' आता भेट राहिली नाही, आपण सरांना बोलायची विनंती केली. सगळा फरक त्या 'टू स्पीक'ने केला. शिवाय कॉल ऑन फुटत नाही. 'कॉल्ड हिम ऑन' असा पर्याय भेटीच्या अर्थाने दिसला तर खुशाल खोडा. आणि भेट माणसाची नसून घराची असेल तर ऑन जाऊन ॲट येतं: 'वी कॉल्ड ॲट हिज हाउस.'

आता तुमच्यासाठी एक. 'द चेअरमन डॅश द सेक्रेटरी टू रीड द रिपोर्ट.' पर्याय आजचे तेच तीन, भूतकाळात: पुट ऑफ, गेव्ह अप आणि कॉल्ड ऑन. 'सेक्रेटरी'पाशी थांबू नका, पुढचा 'टू रीड' वाचा आणि मग लिहा.