औषधी कपडे आणि धुण्यांचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस ओसरू लागला की कासच्या पठारावर, ठोसेघरला, कोयनेच्या रानात जाणाऱ्यांची रीघ लागते. त्याच दिवसांत इकडे साताऱ्यात डासांमुळे दिवेलागणीच्या आधीच दारं-खिडक्या लावून घ्याव्या लागतात. रानातल्या गोचिडांवर आणि घरातल्या डासांवर उपाय म्हणून कीटकनाशक औषध लावलेले शर्ट, पँट आणि मोजे हल्ली ऑनलाइन मिळतात. त्यांच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, 'सत्तर धुलाईपर्यंत परिणामकारक'. आज या सत्तरच्या आकड्याविषयीच बोलायचं आहे, कारण कपडा घेताना माणसं त्याचा अर्थ सत्तर आठवडे किंवा दोन वर्षं असा काहीतरी लावून मोकळी होतात.

आधी औषधाविषयी. त्याचं नाव परमेथ्रिन. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात कीटक मारणारं द्रव्य असतं, त्याच्या धर्तीवर प्रयोगशाळेत तयार केलेलं हे रसायन. कीटकाचे पाय कपड्याला लागले की ते त्याच्या अंगात जातं आणि मज्जातंतूंचा ताळ सुटतो. डास आधी बेचैन होतो, मग लटपटतो आणि खाली पडतो. पँटवर चढणारी गोचीडही काही वेळात पकड सोडते. हा सगळा स्पर्शाचा परिणाम आहे, वासाचा नव्हे. म्हणूनच बाही औषधी असली तरी उघड्या मनगटाला आणि मानेला डास चावतोच. तिथे अंगाला लावायचं वेगळं मलम हवं. परमेथ्रिनचा फवारा मात्र अंगावर मारायचा नाही, तो कपड्यासाठीच आहे.

हे औषध कपड्यावर दोन प्रकारे येतं. कारखान्यात ते उष्णता देऊन किंवा चिकट थराच्या साहाय्याने धाग्याला घट्ट बसवतात. सत्तर धुलाईचा आकडा या कपड्यांचा. दुसरा प्रकार घरी मारायच्या तयार फवाऱ्याचा. त्यात परमेथ्रिन अर्धा टक्का असतं आणि ते धाग्याच्या वरवरच बसतं. ते साधारण सहा आठवडे किंवा सहा धुण्यांपर्यंत टिकतं, यातलं जे आधी येईल ते धरायचं. दोन्ही एकाच किमतीला पडत नाहीत आणि एकाच कामाचेही नाहीत.

आता हिशेब मांडू. समजा, रानात वाटाड्याचं काम करणारा एक जण आहे. घाम आणि चिखल, त्यामुळे शर्ट रोज धुवावा लागतो. 1 जूनला त्याने कारखान्यातला औषधी शर्ट वापरायला काढला, तर 10 ऑगस्टच्या आसपास सत्तर धुणी पूर्ण होतात. म्हणजे पावसाळा अजून अर्धा बाकी असताना आणि डेंगीचे पुढचे दोन-तीन महिने समोर असताना शर्टाची ताकद संपलेली असते. याउलट फक्त रविवारी डोंगरात जाऊन आल्यावर कपडे धुणाऱ्या माणसाला तोच शर्ट वर्ष-सव्वा वर्ष सहज पुरतो. घरी फवारलेला शर्ट रविवारच्या माणसाला सहा आठवडे चालेल, पण वाटाड्याला आठवडाही पुरणार नाही. कपड्याचं वय महिन्यांत मोजलं की फसगत होते, ते धुण्यांत मोजायचं.

त्यातही सत्तर हा आकडा मशीनमध्ये ठरावीक पद्धतीने धुतलेल्या कपड्यांचा असतो. आपल्याकडे कपडा रात्रभर सोड्यात भिजतो, ब्रशने घासला जातो, दगडावर आपटला जातो, कडक उन्हात वाळतो आणि वर इस्त्रीही होते. घासण्याने औषध निघून जातं, उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचं विघटन होतं आणि इस्त्रीच्या उष्णतेनेही ते कमी होतं. अशा धुण्यात आकडा सत्तरपर्यंत पोहोचेल असं धरून चालू नये. थायलंडमध्ये शाळकरी मुलांच्या गणवेशांना परमेथ्रिन लावून डेंगी कमी होते का, याची मोठी चाचणी झाली होती. सुरुवातीला गणवेशाला टेकलेले डास पटापट पडत होते, पण रोजच्या वापरात आणि धुण्यात काही महिन्यांतच परिणाम झपाट्याने उतरला आणि डेंगीच्या संख्येत अपेक्षित घट दिसली नाही. शाळेचा गणवेश हा सतत धुतला जाणारा कपडा, त्यामुळे मला ही चाचणी फार बोलकी वाटते.

औषध संपलं हे ओळखायचं कसं? त्याला रंग नाही आणि वाळल्यावर वासही राहत नाही, त्यामुळे कपडा पाहून किंवा हुंगून काही कळत नाही. डास बाहीवर निवांत बसून कापडातून चावू लागले किंवा गोचीड पँटवरून सरळ वर चढत गेली, तर समजावं. पण तोवर चावा झालेला असतो. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे कॉलरच्या किंवा कमरपट्टीच्या आतल्या बाजूला दर धुण्याला रंगीत दोऱ्याचा एक छोटा टाका घालायचा. पंचेचाळीस-पन्नास टाके झाले की माझ्या मते तो कपडा साधाच समजावा. दगडावर धुत असाल तर त्याही आधी.

आयुष्य वाढवायचं असेल तर आत साधा बनियन घाला, म्हणजे घाम तो टिपेल आणि शर्ट दर वेळी धुवावा लागणार नाही. नुसता झटकून सावलीत लटकवला तरी चालतो. धुताना गार पाणी, साधी पावडर, हाताने हलकं धुणं, ब्लीच नको, ड्रायक्लीनिंग तर अजिबात नको. वाळत घालायचा तो सावलीत. हंगाम संपल्यावर बंद पिशवीत, अंधाऱ्या कपाटात ठेवला तर औषध बराच काळ टिकतं, कारण तिथे त्याला ना पाणी लागत ना ऊन.

मोज्यांची गोष्ट वेगळी आहे. गोचीड आणि चिगर नावाच्या चावऱ्या बारीक किड्याच्या अळ्या गवतातून पायावर चढतात आणि डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासालाही घोटे आवडतात. पण मोजे दर वेळी धुतलेच जातात, म्हणजे जिथे गरज जास्त तिथलंच औषध सगळ्यांत आधी संपतं. म्हणून रानात पँटचं टोक मोज्यात खोचा आणि पोटरीवर बांधायचं औषधी गेटर वापरा. ते क्वचितच धुवावं लागतं.

घरी फवारणार असाल तर उघड्यावर, वारा पडलेला असताना, कपडा हँगरला लावून, वीतभर अंतरावरून दोन्ही बाजू ओलसर होतील इतकंच मारा. पूर्ण वाळल्याशिवाय घालू नका. दमट हवेत वाळायला चार तासांहून जास्तही लागतात. ओला कपडा मांजराच्या आसपास नको, मांजराला परमेथ्रिन फार बाधतं. आणि गोठ्यात गोचिडांसाठी वापरायचं किंवा शेतात फवारायचं औषध घरात आहे म्हणून ते पाण्यात मिसळून शर्टावर मारू नका. त्याची तीव्रता आणि त्यातली इतर द्रव्यं अंगावरच्या कपड्यासाठी नसतात.

शेवटी धुण्याच्या पाण्याविषयी. परमेथ्रिन मासे आणि खेकड्यांना अतिशय घातक आहे. त्यामुळे हे कपडे ओढ्यावर, वेण्णेच्या किंवा कृष्णेच्या घाटावर नेऊ नका. घरी बादलीत धुवा आणि पहिल्या दोन-तीन धुण्यांचं पाणी विहिरीपासून व वाहत्या पाण्यापासून दूर, कोरड्या मातीत जिरवा. नमस्कार.