सिमचा रिकामा अडॅप्टर फोनमध्ये घातला आणि पिना गेल्या: अडॅप्टर बसतो कसा, फसतो कुठे

हां, झालं का सुरू? ओके. तर हे बघा, माझ्या हातात आजोबांचा जुना बटनवाला फोन आहे, बॅटरी काढलेली आहे, आणि जरा कॅमेरा जवळ आणतो… दिसतंय का? सिमच्या जागी सहा बारीक पिना असायला हव्यात, इथे चार सरळ आहेत, एक मागे दुमडलीये आणि एक तर गायबच. हे कोणी केलं, तर मी. चार दिवसांपूर्वी. आणि कशाने, तर ह्या चिल्लर प्लास्टिकच्या चौकटीने, जिला आपण सिम अडॅप्टर म्हणतो.

झालं असं की आजोबांचा टच फोन रिपेअरला दिला, त्यांचं सिम नॅनो, आणि घरात पडलेला हा जुना फोन मोठं सिम मागणारा. म्हटलं अडॅप्टर आहे ना, टाकू. आणि मी शहाणा, आधी रिकामा अडॅप्टर घालून बघितला की बसतोय का नीट. बसला! एकदम फिट बसला. मग बाहेर काढायला गेलो तर येईचना, जरा ओढला, कट्ट असा आवाज आला, आणि मग जेल रोडला गेलो तर तो दुकानदार टॉर्च मारून एवढंच बोलला, "भिया, पिन तो गई." झालं.

म्हणून आज हेच सांगतो, अडॅप्टर मुळात बसतो का, आणि बसत असूनही घोळ कुठे होतो.

[टेबलवर चार वस्तू, वरून शॉट]

आधी हे एक बघा, हे मला स्वतःला फार आवडतं. हे माझं एटीएम कार्ड, नंबरवर चिकटपट्टी लावलीये, झूम करू नका. ह्याच्यावर सोनेरी चौकोन आहे ना, चिप म्हणतो आपण. आता हे नॅनो सिम त्याच्या बाजूला ठेवतो. सोनेरी भागाच्या रेघा थोड्या वेगळ्या आहेत, ते डिझाईन ज्याचं त्याचं, पण पिना जिथे टेकतात त्या जागा बघा, दोन उभ्या रांगा, रांगेत एकाखाली एक, सेम टू सेम. कारण दोन्ही एकाच स्टँडर्डवर बनतात. आणि सुरुवातीला सिम खरोखर ह्या एटीएम कार्डाएवढंच असायचं हो, 1991 साली पहिलं सिम आलं ते 85.6 बाय 53.98 मिलिमीटर, म्हणजे अख्खं कार्ड फोनमध्ये सरकवायचं. मग फोन लहान झाले, तसं कार्डाचं प्लास्टिक कापत गेले. जुन्या बटनवाल्या फोनमधलं मोठं सिम, ज्याचं खरं नाव गंमत म्हणजे मिनी सिम, ते 25 बाय 15. मग मायक्रो, 15 बाय 12. मग 2012 मध्ये नॅनो, 12.3 बाय 8.8.

पण हे सगळं कापताना सोनेरी टेकू हलवले नाहीत कोणी. एका टेकूच्या मधोमधपासून खालच्या टेकूच्या मधोमधपर्यंत 2.54 मिलिमीटर, दोन रांगांमधलं अंतर 7.62. एटीएम कार्डावर हेच, नॅनोवर पण हेच. सिम लहान झालं म्हणजे कडेचं प्लास्टिक गेलं, बाकी आतलं माणूस तेच! म्हणून अडॅप्टरमध्ये ना वायर लागते ना सर्किट, तो फक्त कापलेलं प्लास्टिक परत देतो, भोक असलेली चौकट म्हणा ना. आणि नॅनोनंतर आणखी लहान का झालं नाही ते पण इथेच कळतं, टेकूंची रुंदीच साडेनऊच्या वर जाते आणि सिम 12.3, म्हणजे दोन्ही बाजूला जेमतेम मिलिमीटरभर काठ उरलाय, कापणार काय?

आता गडबड कुठे आहे. जाडीत. मोठं सिम आणि मायक्रो 0.76 मिलिमीटर जाड, नॅनो 0.67. फरक 0.09, म्हणजे साध्या वहीच्या कागदाएवढा समजा. तेवढं डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतं. बघा, हे सिम अडॅप्टरमध्ये ठेवलं आणि नखाने वरून खरवडलं, तर नख कडेला किंचित अडकतंय, म्हणजे सिम जरासं खाली बसलंय. फोनच्या पिना स्प्रिंगच्या असतात त्यामुळे एवढं त्या सांभाळून घेतात. पण स्वस्त अडॅप्टरमध्ये सिम सैल असतं, पाठीमागे पातळ फिल्म असते ती सुटते, आणि मग काय होतं, नेटवर्क आहे, फोन टेबलवर जरा जोरात ठेवला की नाही, मागून दाबला की परत आलं. असं होत असेल तर सिम खराब झालं म्हणून लगेच दुकानात पळू नका, आधी अडॅप्टर बघा. पाठीमागून एक पातळ चिकटपट्टी लावली की बहुतेक वेळा काम होतं, फक्त ती काठाबाहेर येऊ देऊ नका नाहीतर खाचेत घसटून गोळा होते, आणि सोनेरी बाजूला तर चुकूनसुद्धा नको.

(ह्याचं उलटं पण लोक करतात, मोठं सिम कात्रीने कापून नॅनो. लांबी-रुंदी जमते पण जाडी तीच राहते, मग ट्रेमध्ये ठासून बसवतात आणि ट्रेच आत अडकतो. सिम बदलून घ्या ना सरळ, कशाला ते.)

बरं, आता माझं लफडं. रिकामा अडॅप्टर.

[कागदाचा तुकडा आणि वाकवलेली स्टेपलची पिन घेऊन]

ही पिन समजा फोनमधली स्प्रिंग, वर उचललेली. सिमसकट अडॅप्टर सरकवला की ती दबते, प्लास्टिकवरून घसरत सोन्यावर येते, काढताना तशीच घसरत परत जाते. गुळगुळीत रस्ता आहे तिला. पण अडॅप्टर रिकामा असला तर मधे खिडकी आहे, पिन त्या खिडकीतून वर उभी राहते, हे असं. आणि आता मी ओढतोय, तर खिडकीची कड येऊन पिनेला मागून धरते. आत जाताना पिनेचा उतार सोयीचा होता म्हणून गेलं, बाहेर येताना तीच पिन आकड्यासारखी अडकली. ओढलं की एकतर वाकणार नाहीतर तुटणार. मला जो कट्ट आवाज आला तो हाच.

म्हणजे रिकामा अडॅप्टर ट्राय करायचाच नाही. फिट बसतो का बघायचंच असेल तर आत कुठलंही जुनं बंद पडलेलं नॅनो सिम ठेवा.

आणि समजा आत्ता, हा व्हिडिओ बघतानाच तुमचा अडकलाय, तर ओढणं थांबवा आधी. बॅटरी निघत असेल तर काढा, नसेल तर फोन बंद करा. मग नवीन शर्टाच्या कॉलरमध्ये ती पारदर्शक पट्टी येते बघा, तशी पातळ पण कडक प्लास्टिकची पट्टी कापा, सिमपेक्षा किंचित अरुंद. ती अडॅप्टर आणि पिना ह्यांच्यामध्ये हळूच सारायची, ज्या बाजूने अडॅप्टर आत गेला त्याच बाजूने. पट्टी पिनांना दाबते, खिडकी झाकली जाते, मग पट्टी आणि अडॅप्टर दोन्ही एकत्र बाहेर. मी हे नंतर शिकलो, दुसऱ्या दिवशी. पिन नुसती वाकलेली असेल तर सुईने परत उचलता येते, पण एकदाच हां, दोन-तीनदा वाकवली की मोडते.

आता मेमरी कार्ड, थोडक्यात, कारण खाली नेहमी विचारतात. हे मायक्रो एसडी, 15 बाय 11, आणि हा त्याचा मोठा अडॅप्टर, 32 बाय 24, जाडी 2.1. हा सिमच्या अडॅप्टरसारखा नुसती चौकट नाहीये, कारण मायक्रो एसडीचे टेकू वेगळ्या जागी आहेत आणि बारीक आहेत. हा मी फोडलाय, बघा आत, चिप वगैरे काही नाही, फक्त धातूच्या पट्ट्या, इकडचा टेकू तिकडे नेऊन सोडणाऱ्या. लहान कार्डाला आठ, मोठ्याला नऊ, कारण मोठ्यात ग्राउंडचे दोन आहेत, अडॅप्टर एकालाच दोन्हीकडे जोडतो. कार्डाची बोली तीच आहे, म्हणून नुसत्या पट्ट्यांवर भागतं.

ह्याच्यात गंमत ह्या छोट्या लॉकची. गेल्या गणपतीत मामाचा कॅमेरा म्हणे कार्ड लॉक आहे, आरतीचे फोटोच घेईना, आणि मामा कार्ड फॉरमॅट करायला निघालेला! मायक्रो एसडीला लॉकच नसतो हो. लॉक आहे तो अडॅप्टरच्या डाव्या कडेला, आणि तो पण नुसता प्लास्टिकचा तुकडा, कुठे जोडलेला नाही, कॅमेऱ्यातला एक स्विच त्याला चाचपून बघतो फक्त. मामाच्या अडॅप्टरचा तो तुकडाच पडला होता, खाच उघडी, म्हणून कॅमेरा समजला लॉक. खाचेवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला, आरती सुरू व्हायच्या आत फोटो चालू.

एक मात्र आहे, अडॅप्टर आकार बदलतो, कार्ड बदलत नाही. जुना कॅमेरा 32 जीबीपर्यंतचंच घेणारा असेल तर 64 चं कार्ड त्यात मस्त बसेल आणि तरी चालणार नाही, त्यात अडॅप्टरचा दोष नाही.

आणि हे शेवटचं, मायक्रो सिम 15 बाय 12, मायक्रो एसडी 15 बाय 11. जवळजवळ सारखं ना? म्हणून घरातली मंडळी सिमच्या खाचेत मेमरी कार्ड दाबतात, आमच्या आईने दाबलंय. दोघांचे टेकू वेगळे, बोली वेगळी, चालत तर नाहीच, वर कार्डाला ती बारीक कड असते ती पिनेत अडकते. ज्या फोनमध्ये दुसरं सिम किंवा मेमरी कार्ड असा एकच ट्रे असतो ना, त्यात आत दोघांसाठी वेगवेगळ्या पिना असतात, एकावेळी एकच बसतं.

आजोबांच्या फोनचं विचारताय? दुकानदार म्हणतो खाच नवीन टाकू, पण फोनच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त. सध्या त्यांचं सिम आजीच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत आहे आणि त्यांचे सगळे फोन आजी उचलते.