शिवी बाजूला, प्रश्न हातात

(बँकांच्या चॅट-मदत केंद्रांत नव्याने रुजू होणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

एक ठरावीक तक्रार घेऊ, कारण ती तुमच्याकडे पहिल्याच आठवड्यात येईल. ३ तारखेला ग्राहक एटीएमवर गेला. पैसे बाहेर आले नाहीत, पण खात्यातून ५,००० वजा झाले. आज ६ तारीख. तो लिहितो : "चोर आहात सगळे. गरिबाचे पैसे खाता. कधी देणार? तुझ्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं पाठव." मध्ये दोन शिव्या आहेत, त्या मी गाळतो.

या संदेशात उत्तर देण्याजोगा भाग एकच : "कधी देणार?" तुमचं पहिलं वाक्य त्याचंच उत्तर असलं पाहिजे. "८ तारखेपर्यंत ५,००० तुमच्या खात्यात परत जमा व्हायला हवेत. त्यानंतर उशीर झाला, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने स्वतःहून द्यायची आहे." रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकात हे ठरवून दिलंय : एटीएमच्या फसलेल्या व्यवहाराला व्यवहाराचा दिवस अधिक पाच दिवस, आणि मोजायचे कॅलेंडरचे दिवस. ही माहिती ग्राहकाच्या हक्काची आहे. तिला "अंतर्गत बाब" म्हणून झाकणं मला सरळ अन्याय वाटतो.

शिवीबद्दल पहिल्या वेळी काहीच लिहू नका. ती बहुतेक वेळा बँकेला दिलेली असते, तुम्हाला नव्हे. आणि दिलगिरीचं तयार वाक्य चिकटवू नका. तीन चॅट एकदम चालू असताना तो मोह होतो, हे मला ठाऊक आहे. पण ग्राहकाने तोच प्रश्न शब्दही न बदलता पुन्हा पाठवला, तर समजा की तुमच्या मागच्या संदेशात उत्तर नव्हतं. अशा वेळी राग वाढण्याचं कारण तुमच्याच बाजूला असतं.

आता "स्क्रीनवर काय लिहिलंय" याकडे. तुमच्यासमोर खात्यावरची संशयाची खूण असेल, किंवा किती रकमेपर्यंत तुम्ही स्वतःच्या अधिकारात पैसे जमा करू शकता तो आकडा असेल. तो आकडा बाहेर गेला की त्याच्या जरा खालच्या रकमेच्या खोट्या तक्रारी सुरू होतात. संशयाची खूण कळली, तर फसवणारा सावध होतो. म्हणून या गोष्टी सांगायच्या नाहीत. पण "तसं काही नाहीच" किंवा "सिस्टिम बंद आहे" असं खोटंही लिहायचं नाही. ग्राहक संभाषण जपून ठेवतो, आणि खोटं उघड झालं की पुढची खरी तारीखही तो मानत नाही. एवढंच लिहा : "आतल्या नोंदी मला पाठवता येत नाहीत. त्यातून तुमच्या तक्रारीचं काय ठरलं, ते मात्र पूर्ण सांगतो. मशीनमधली रोकड आणि त्या दिवसाच्या नोंदी ताडून पाहणं चालू आहे." शेवटी, एका शब्दात उत्तर देता येईल असा प्रश्न जोडा : "रक्कम ५,०००च होती ना?" त्याने "हो" लिहिलं की तो पुन्हा कामाच्या गोष्टीवर आलेला असतो.

मधेच तो विचारतो, "माझ्या भावाला कर्ज का नाकारलं?" दुसऱ्याच्या खात्याविषयी बोलायचं नाही. "त्यासाठी भावाने स्वतः संपर्क करावा. आपण तुमचे ५,००० पाहत होतो." इथे दोनच वाक्यं. स्पष्टीकरण वाढवलं की विषय तिकडेच जातो.

शिवी तुमच्यावर आली, तुमच्या आईबहिणीवर आली, तर मात्र गप्प बसू नका. त्या वागण्याचं नाव घ्या, माणसाला विशेषण लावू नका : "अशी भाषा आली तर मला चॅट थांबवावा लागेल. तक्रारीचं काम चालूच राहील." पुन्हा तेच आलं, तर थांबवा, पण तक्रार क्रमांक आणि ८ तारीख लिहूनच. तीस दिवसांत बँकेने समाधान केलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, हेही लिहा. नुसतं बंद केलेल्या चॅटचा ग्राहक पाच मिनिटांत शेजारच्या सहकाऱ्याकडे जास्त चिडून येतो आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

एक संदेश कधीही तक्रारीकडे वळवायचा नाही. "पैसे नाही मिळाले तर जीव देईन." शिव्यांच्या गर्दीत तो सहज नजरेतून सुटतो. तिथे तारीख, क्रमांक सगळं बाजूला. पर्यवेक्षकाला लगेच बोलवा, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक द्या, आणि ग्राहक उत्तर देत असेपर्यंत चॅट तुमच्याकडून बंद करू नका. बाकीचे दोन चॅट सहकाऱ्याकडे सोपवा.