हप्ता कधी भरायचा, हे आधी विचारा

आरोग्य विमा घेताना बहुतेक जण विमा किती रकमेचा आणि हप्ता किती, एवढेच पाहतात. ज्याची मिळकत ठरलेल्या तारखेला हातात पडत नाही, त्याने मात्र हप्ता कधी भरायचा आणि तो चुकला तर काय होते, हे आधी विचारावे.

रंगकाम करणाऱ्या एका कारागिराचे उदाहरण घेऊ. त्याला वर्षातले 8 महिने काम असते आणि 4 महिने जवळजवळ नसते. त्याच्या पॉलिसीचा वार्षिक हप्ता 12 दिवसांच्या मजुरीइतका आहे. महिन्याला एका दिवसाची मजुरी सहज निघेल, असे वाटून तो मासिक हप्ता निवडतो. कामाच्या टंचाईत एका महिन्यात खाते रिकामे राहते, हप्ता वटत नाही आणि सवलतीची मुदत, म्हणजे ग्रेस पिरियड, संपल्यावर पॉलिसी बंद पडते. मासिक हप्त्यासाठी ही मुदत अनेक योजनांत वार्षिक हप्त्यापेक्षा कमी असते.

या कारागिराला आधीपासून मधुमेह आहे आणि जुन्या आजारांसाठी त्याच्या पॉलिसीत 3 वर्षांचा प्रतीक्षा कालावधी आहे, म्हणजे तेवढा काळ त्या आजारांचा खर्च विम्यातून मिळत नाही. पॉलिसी बंद पडली तेव्हा त्यातले 27 महिने सरले होते. भरलेले पैसे अगदीच वाया गेले असे म्हणता येणार नाही, कारण त्या काळात अपघातासारख्या खर्चाला संरक्षण होतेच. परंतु नवी पॉलिसी घेतली, की मधुमेहासाठीची मोजणी सहसा पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.

म्हणून पॉलिसी अशा महिन्यात सुरू करावी, की तिचे नूतनीकरण दरवर्षी भर हंगामाच्या शेवटी येईल. कामाच्या 8 महिन्यांत दरमहा दीड दिवसाची मजुरी वेगळी ठेवली, तर 12 दिवसांची रक्कम जमते आणि वर्षाचा हप्ता एकदम भरता येतो.

तेवढेही जमत नसेल, तर हप्ता कमी करण्याचे दोन मार्ग सहसा समोर येतात. खोलीभाड्यावर मर्यादा असलेली पॉलिसी स्वस्त पडते, पण मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली, तर पुष्कळ पॉलिसींत डॉक्टरांचे शुल्क आणि शस्त्रक्रियेचा खर्चही निम्माच मंजूर होतो, आणि हे बहुधा घरी सोडण्याच्या दिवशी कळते. माझ्या मते त्यापेक्षा डिडक्टिबल बरे. त्यात बिलाचा सुरुवातीचा ठरावीक भाग आपण सोसायचा असतो आणि तो आकडा आधीच माहीत असतो. ऐन वेळी साठवणीतून किंवा उसनवारीने उभा करता येईल, एवढाच तो ठेवावा. तो वर्षातून एकदा लागू होतो की दर भरतीला, हे कागदावर वाचून घ्यावे. दर भरतीला असेल, तर वर्षात दोनदा दवाखान्यात राहावे लागल्यास ती रक्कम दोनदा भरावी लागते.